भेटीची हद्द

वाढदिवसाच्या भेटीवर किती खर्च करायचा याची हद्द दोघांनी आधीच ठरवून टाकावी, असं मी मंडळाच्या बैठकीत बोलता बोलता म्हणाले, तर तिथं चांगलाच गदारोळ झाला. एक जण म्हणाला, "मग पावतीपण जोडायची का भेटीला?" दुसरी म्हणाली, "प्रेमात कसला आलाय हिशेब!" मला मात्र वाटतं, आपण मराठी माणसं देण्याघेण्यात पहिल्यापासून हिशेबी आहोत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटत असेल तर ती फक्त बोलायची. म्हणूनच हा लेख.

माझं गाव सौंसर. जिल्हा परवापर्यंत छिंदवाडा होता, 2023 पासून पांढुर्णा झाला. राज्य मध्य प्रदेश, बोली मात्र नागपूरकडची. आमच्याकडच्या लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. आलेला प्रत्येक आहेर नावानिशी त्या वहीत चढतो. पुढं त्या माणसाच्या घरी लग्न निघालं की वही काढायची, त्यानं काय दिलं होतं ते पाहायचं, आणि तेवढंच किंवा थोडं वर द्यायचं. आहेर "फेडायचा" असतो, हा शब्दच बघा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटतात ते डझनाच्या भावानं घेतलेलं असतं. सगळ्या बायकांना सारखं, आणि कुणाला जड न जाणारं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात तेव्हा त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. तो किती ठेवायचा हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असतं. मुद्दाम फार मोठी रक्कम ठेवणाऱ्या घराचं कौतुक होत नाही, शेजारचे उलट नाराज होतात. कारण आता त्यांनाही तेवढं द्यावं लागणार.

म्हणजे आपल्या जुन्या रीतींमध्ये हद्द होतीच. ती गावानं ठरवलेली होती म्हणून नवराबायकोला बोलावं लागत नव्हतं. वाढदिवसाची गोष्ट वेगळी आहे. आमच्या आजीला तिची जन्मतारीख माहीत नव्हती. आजोबांची शाळेच्या दाखल्यावर 1 जुलै होती, गुरुजींनी घातलेली. वाढदिवसाला बायकोनं नवऱ्याला किंवा नवऱ्यानं बायकोला काहीतरी घेऊन द्यायचं, ही रीत आपल्या घरांत आत्ता आत्ता आली. तिच्यामागं ना वही, ना डझनाचा भाव, ना गावाचा डोळा. त्यामुळं दोघांपैकी एकाचा हात सैल आणि दुसऱ्याचा आवळता असला की ती हद्द ठरवायला कुणीच नसतं. ती त्या दोघांनाच ठरवावी लागते.

आता एक उदाहरण सांगते. ते माझ्या घरातलंच आहे, आणि ते सांगायची परवानगी मी दोघांकडून घेतली आहे.

माझी ताई सौंसरलाच एका खाजगी शाळेत शिकवते. पगार महिन्याला 11 हजार. उन्हाळ्याच्या सुटीचा पगार मिळत नाही. भाऊजींची संत्र्याची बाग आहे आणि थोडा कापूस. आंबिया बहाराची बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकायची, आधी इसार घ्यायचा, तोड सुरू झाली की बाकीचे पैसे, असा आमच्या भागातला व्यवहार. म्हणजे भाऊजींच्या हातात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे, आणि येतो तो एकदम. ताईच्या हातात पैसा येतो दर महिन्याला, थोडा थोडा, आणि मे-जूनमध्ये येतच नाही.

ताईचा वाढदिवस डिसेंबरात. भाऊजींचा जूनमध्ये. हे लक्षात ठेवा, कारण सगळं भांडण इथंच आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात भाऊजींनी नागपूरला जाऊन सीताबर्डीवरून चांदीचे पैंजण आणले, साडेआठ हजारांचे. वर केक आणि धाब्यावर सगळ्यांना जेवण. जूनमध्ये ताईनं त्यांना शर्ट दिला, साडेपाचशेचा. भाऊजी काही बोलले नाहीत, पण तो शर्ट त्यांनी महिनाभर घडीतून काढला नाही. पुढच्या डिसेंबरात पुन्हा मोठी भेट आली तेव्हा ताई म्हणाली, "एवढे पैसे कायले घातले? तुमचे पैंजण मले पायात नाही, डोक्यावर वाटतात." भाऊजींना वाटलं, हिला माझ्या देण्याची किंमत नाही. ताईला वाटलं, यांना माझ्या जूनची कल्पना नाही. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं.

लोक म्हणतात, हा उधळ्या, ती कंजूष. मला हे पटत नाही. ज्याच्याकडे पैसा वर्षातून एकदा ढिगानं येतो त्याला त्या दिवसांत मोकळ्या हातानं द्यावंसं वाटणं साहजिक आहे. जिला दर महिन्याच्या 11 हजारांत पुढच्या दोन कोऱ्या महिन्यांची सोय करायची आहे तिनं प्रत्येक नोट दोनदा मोजणंही साहजिक आहे. स्वभाव असतोच, पण स्वभावाच्या खाली पैसा येण्याची वेळ असते. ती न पाहता हद्द ठरवायला बसलं की माणसं एकमेकांचा स्वभाव दुरुस्त करायला लागतात.

स्वभावाबद्दलही थोडं सांगते. स्कॉट रिक नावाचे अमेरिकी संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी 2008 मध्ये हात आवळता असणाऱ्या आणि सैल असणाऱ्या माणसांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की, खर्च करताना मनाला एक टोचणी लागते. काहींना ती फार लागते, म्हणून खर्च करायला हवा तिथंही त्यांच्याच्यानं होत नाही. काहींना ती पुरेशी लागत नाही, म्हणून नंतर हळहळतात. म्हणजे दोघंही आपल्या मनासारखं वागत नसतात. 2011 मध्ये रिक यांनीच आणखी दोघांबरोबर नवराबायकोंवर अभ्यास केला. त्यात दिसलं की अशी उलट स्वभावाची माणसंच एकमेकांकडे ओढली जातात, आणि लग्नानंतर पैशावरून त्यांचेच खटके जास्त उडतात. तेव्हा ताई-भाऊजी काही जगावेगळे नाहीत.

हद्द ठरवायचा पहिला प्रयत्न त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं केला. दोघांनी एकेक आकडा सांगितला. भाऊजी म्हणाले 7 हजार, ताई म्हणाली 500. मग कुणीतरी सुचवलं, मधला धरा. मधला आला 3,750. भाऊजी लगेच तयार झाले. ताई म्हणाली, नाही.

मला हा "मधला आकडा" सगळ्यात फसवा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. ऐकायला तो न्यायाचा वाटतो, दोघांनी सारखी माघार घेतल्यासारखा. पण भेट एका बाजूनं जात नाही, ती फिरून येते. 3,750 ची भेट घेतली की जूनमध्ये तेवढ्याच्या आसपास द्यावी लागणार. भाऊजींना डिसेंबरात ती रक्कम जाणवणारही नाही. ताईला जूनमध्ये ती महिन्याच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पडणार, आणि तीही पगार नसलेल्या महिन्यात, जेव्हा घरात बियाणं आणि खतासाठीच ओढाताण चाललेली असते. म्हणजे मधल्या आकड्यानं एकाची हौस निम्मी झाली, आणि दुसरीवर मात्र साडेसातपट ओझं आलं.

मग आम्ही वेगळं करून पाहिलं. प्रत्येकानं एक नाही, दोन आकडे लिहायचे, आणि ते देण्याचे नाही, घेण्याचे. पहिला आकडा: याच्याहून कमीचं काही आलं तर माझं मन खट्टू होईल. दुसरा: याच्याहून जास्तीचं आलं तर मला ओझं वाटेल. चिठ्ठ्या वेगवेगळ्या लिहायच्या आणि एकदमच उघडायच्या, म्हणजे एकाचं पाहून दुसऱ्यानं आकडा बदलायला नको.

भाऊजींच्या चिठ्ठीवर खालचा आकडा होता 800. वरच्या ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, "कितीही चालेल." ताईचा खालचा आकडा 200, वरचा 2 हजार. आता बघा, 7 हजार आणि 500 यांच्यात काही मेळ नव्हता. पण घ्यायच्या बाजूनं पाहिलं तर 800 ते 2 हजार एवढी जागा दोघांनाही चालण्यासारखी निघाली. सात हजार देणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र आठशेत आनंद होतो, हे ताईला त्या दिवशी कळलं. भाऊजींना स्वतःलाही ते तेव्हाच कळलं असावं. शर्टाचं दुःख किमतीचं नव्हतंच. तो शर्ट ताईनं घाईत, वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, मापही न विचारता आणला होता, आणि गळ्याला घट्ट होत होता.

ही गोष्टसुद्धा केवळ आमच्या घरची नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अॅडम्स या दोघांनी 2009 मध्ये नुकताच साखरपुडा झालेल्या लोकांना अंगठीबद्दल विचारलं होतं. अंगठी देणाऱ्या पुरुषांना वाटत होतं की जितकी महाग तितकी ती जास्त आवडली असेल. अंगठी मिळालेल्या बायकांच्या उत्तरांत किमतीचा आणि आवडण्याचा तसा संबंध दिसला नाही. देणारा किंमत पाहतो, घेणारा ती तेवढी पाहत नाही. म्हणून हद्द ठरवताना "मी किती देऊ शकतो" या प्रश्नापासून सुरुवात केली की गाडी चुकीच्या रुळावर जाते. "मला किती घ्यायला बरं वाटेल" इथून सुरुवात करावी.

800 ते 2 हजार ही जागा मिळाल्यावर शेवटची चाळणी एकच होती: ज्याचा पैशाचा महिना सगळ्यात कोरडा, त्याला त्या महिन्यात उसनं न घेता किती जमेल? ताईनं जूनचा हिशेब मांडला आणि 1,200 वर बोट ठेवलं. तीच हद्द ठरली, दोघांना सारखी. दोन वाढदिवसांचे मिळून वर्षाला 2,400, म्हणजे महिन्याला 200. ते आता दर महिन्याला एका डब्यात पडतात. त्यामुळं जूनमध्ये अचानक काही काढावं लागत नाही, आणि डिसेंबरात बागेचे पैसे आले म्हणून हात सुटत नाही.

भाऊजींनी एक हरकत घेतली होती, आणि ती सोडून देण्यासारखी नाही. ते म्हणाले, "चांदीच घेतली ना? पैसा कुठं गेला? घरातच आहे." पुष्कळ घरांत भेटीला सोनं-चांदी घ्यायची आणि तिला बचत म्हणायचं, अशी सोय असते. पण पैंजण घेताना घडणावळीचे पैसे जातात, आणि मोडायला गेलं की ते परत येत नाहीत. शिवाय बायकोला दिलेला दागिना हा तिचा, तिचं स्त्रीधन. त्यावर घरच्या अडचणीत आधीपासून डोळा ठेवून तो दिला असेल तर ती भेट झाली नाही, तिच्या पायात ठेवलेली घरची ठेव झाली. ताई एवढंच म्हणाली, "जूनमध्ये मोडाले लावान, तं मंग देल्लं कायले?" चांदी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, दोघांनी बचत म्हणून, दोघांच्या संमतीनं. तिच्यावर वाढदिवसाची चिठ्ठी लावू नये.

हद्द ठरली म्हणजे काम संपलं असं नाही. ती कशी फुटते हे मी आता दोन वर्षं पाहते आहे. पहिली पळवाट असते ती "हे भेटीत धरायचं नाही" या वाक्याची. भेट हजाराची, पण केक वेगळा, जेवण वेगळं, नागपूरला जायचं पेट्रोल वेगळं. मग हजाराचे चार हजार कधी होतात कळत नाही. म्हणून त्या दिवसाच्या निमित्तानं जे जे खर्च होईल ते सगळं हद्दीच्या आत. दुसरी पळवाट हप्त्याची. फोनवर "महिन्याला फक्त 799" असं दिसतं, आणि माणूस म्हणतो, हद्दीत आहे की! हप्ता पाहायचा नाही, पूर्ण किंमत पाहायची, आणि ती घेतल्या दिवशी मोजायची. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांतही बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्क लागतं, किंवा रोखीनं घेतल्यावर मिळणारी सूट जाते. तिसरी पळवाट घरच्या वस्तूची. मिक्सर बिघडला होता म्हणून तिच्या वाढदिवसाला मिक्सर. मिक्सरवर चटणी सगळं घर खातं, मग तो तिची भेट कसा? तो घरखर्चातून यायला हवा.

आणि हद्द चुकली आहे हे ओळखायची एक खूण आहे. घरात किंमत लपवली जायला लागली की समजावं. बावीसशेची वस्तू "नऊशेला मिळाली, सेल होता" म्हणून दिली जाते, पिशवीतली पावती आधीच फाडलेली असते. असं झालं तर खोटं बोलणाऱ्याला धारेवर धरण्याआधी आकडा तपासावा. कदाचित तो सैल हाताच्या माणसाला इतका आवळून बसला असेल की त्याला चोरून द्यावंसं वाटतंय.

यावर आमच्याकडे जो उपाय निघाला तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सैल हात ही काही नुसती खोड नाही. भाऊजींना माणसांना देताना खरोखर आनंद होतो. भाच्यांना कपडे, मित्राच्या पोराला बॅट. तो आनंद सगळा कापून टाकला तर ते घरातल्या घरात परके होतील. म्हणून बागेचे पैसे आले की सोसायटीचं कर्ज, खतवाल्याची उधारी, घरखर्च आणि पुढच्या हंगामाची तजवीज बाजूला काढायची, आणि मग दोघांनाही पाच-पाच हजार मनमर्जीचे. त्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. फक्त त्यातून एकमेकांच्या वाढदिवसाची भेट घ्यायची नाही, नाहीतर हद्दीला मागचं दार होईल. भाऊजींचे पाच हजार होळीच्या आत संपतात. ताईचे पोस्टात जातात. ती ते पोस्टात टाकते म्हणून भाऊजींनीही तिला हसायचं नाही, हेही ठरलं आहे. काटकसरीलाही मनमर्जी असते, हे आपण विसरतो.

गेल्या डिसेंबरात भाऊजींनी ताईला काय दिलं ते सांगते. आमच्या बाबांचं एचएमटीचं घड्याळ कपाटात कित्येक वर्षं बंद पडलं होतं. ते त्यांनी गुपचूप माझ्याकडून मागून नेलं, नागपूरला दुरुस्त करून आणलं, नवा पट्टा लावला. दुरुस्ती, पट्टा, जाण्यायेण्याची बस आणि अर्धा किलो पेढे धरून 1,140 रुपये. ताई ते घड्याळ रोज शाळेत घालून जाते. पण यावरून "स्वस्त भेटच खरी भेट" असा निष्कर्ष मी काढणार नाही. भाऊजींना अजूनही चुटपुट लागते. सोनाराच्या दुकानावरून जाताना ते थांबतात, आणि म्हणतात, पुढच्या वर्षी आकडा वाढवायचा का? वाढवावाही. दरवर्षी दिवाळीनंतर एकदा चिठ्ठ्या पुन्हा लिहायच्या, असं ठरलंच आहे, कारण भाव वाढतात, पगार वाढतात, कधी बाग गारपिटीनं जाते. लग्नाचं दहावं वर्ष किंवा चाळिसावा वाढदिवस अशा वेळी हद्द ओलांडायची असेल तर तेही आधी बोलून. अचानक ओलांडली की पुढच्या वर्षी तीच नवी हद्द होऊन बसते.

आता तुमच्या-माझ्याबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांचं लग्न झालेलं नाही, पण जोड्या आहेत, आणि वाढदिवसही आहेत. आपल्याकडे एक पाकीट नाही, दोन आहेत, आणि दोन्ही बहुधा आईबाबांनी भरलेली. कुणाला महिन्याला 5 हजार येतात, कुणी वसतिगृहाची खानावळ भागवून 300 वाचवतो. इथं कुणी म्हणेल, ज्याचं पाकीट जड त्यानं जास्त द्यावं, ज्याचं हलकं त्यानं कमी. हिशेबाला ते ठीक दिसतं, पण दरवर्षी कमी देणाऱ्याच्या मनात एक वही उघडली जाते, आणि ती वही तो कधी दाखवत नाही. म्हणून माझं मत असं की, हद्द सारखीच असावी आणि ती हलक्या पाकिटाच्या मापानं असावी. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं वेळ द्यावा, खटपट करावी, पुस्तकाची जुनी आवृत्ती शोधावी. पैसे ओतायला इतर जागा पुष्कळ आहेत.

आणि हा विषय काढायचा कुणी? माझ्या मते सैल हाताच्या माणसानं. हलक्या पाकिटाचा माणूस बोलला की ते रडगाणं वाटतं, त्याला स्वतःलाही. जड पाकिटाचा म्हणाला, "यंदापासून पाचशेच्या आत, दोघांनीही," तर समोरच्याचा श्वास मोकळा होतो. बोलायची वेळ मात्र वाढदिवसाच्या आठवड्यात नको. तेव्हा एकानं आधीच काहीतरी मागवलेलं असतं, आणि बोलणं त्या वस्तूवर जाऊन पडतं. दोन वाढदिवसांच्या मधला एखादा साधा दिवस बरा.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. हद्द दोघांनी मिळून, दोघांसाठी सारखी ठरवली तरच तिला हद्द म्हणायचं. एकानं दुसऱ्याला सांगितली, आणि तीही तिच्याच पगारातून काय खर्च करायचा याची, तर तो धाक झाला. आपल्या कितीतरी आयांचे पैसे डाळीच्या डब्यात का असायचे, हे आपल्याला माहीत आहे. पाचशेची हद्द तिला आणि पार्टीला मोकळीक त्याला, असं असेल तर चिठ्ठ्या लिहून उपयोग नाही. तिथं आधी पगार कुणाच्या हातात राहतो ते बोलावं लागेल.

मंडळाच्या बैठकीत ज्यानं पावती जोडायची का असं विचारलं, त्याला माझं उत्तर एवढंच: पावती जोडू नकोस, पण फाडावी लागेल असंही काही आणू नकोस. आणि ही पद्धत करून पाहायची असेल तर कागदाचे दोन तुकडे पुरतात. दोघांनी दोन-दोन आकडे लिहा, एकदम उघडा. मधे जागा निघाली तर त्यातला कोरड्या महिन्याला झेपेल तो आकडा घ्या. जागा निघालीच नाही, म्हणजे एकाला खट्टू करणारी रक्कम दुसऱ्याला ओझं वाटणारी असेल, तर त्या वर्षी विकत काहीच आणू नका आणि "खट्टू" का वाटतं त्यावर बोला. आमच्याकडे ते गळ्याला घट्ट झालेल्या शर्टापाशी निघालं. तुमच्याकडे आणखी कशापाशी निघेल.